आईला आलेला ‘खातं ब्लॉक होईल’ मेसेज

प्रश्न: आईने तिच्या मोबाईलचा फोटो काढून पाठवलाय. ‘आज रात्री तुमचं खातं ब्लॉक होईल, लगेच पॅन अपडेट करा’ आणि खाली लिंक. हा बँकेचाच मेसेज असेल का?

उत्तर:

फ्रॉड आहे. लिंक उघडू देऊ नका आणि आईने उघडली असेल तर तिच्यावर ओरडू नका.

फोटोत अगदी वर बघा. मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आलाय. बँकेचा एसएमएस अक्षरी नावाने येतो आणि त्या नावाच्या शेवटी `-S` किंवा `-T` असतं. आता लिंक बघा. बँकेचं नाव आहे खरं, पण पुढे `-kyc` आणि शेवटी `.xyz`. असला पत्ता कुणीही विकत घेतो. आपल्या बँकांच्या वेबसाइटसाठी रिझर्व्ह बँकेने `.bank.in` हा शेवट ठरवून दिलाय, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत होती.

माझ्या बाबांना असाच मेसेज आला होता. त्याच सोमवारी ते शाखेत जाऊन केवायसीचे कागद देऊन आले होते, त्यामुळे गुरुवारी मेसेज आला तेव्हा काहीतरी राहिलं असणार असंच त्यांना वाटलं. लिंकवरून एक `.apk` फाइल उतरली, वर बँकेचा लोगो. अॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती त्यांनी दिली. मग कार्डाचा नंबर आणि पिन भरला. ही चूक त्यांचीच, मी नाकारत नाही. पण दादा आजही म्हणतो, ‘बाबांनी ओटीपी सांगितलाच असणार.’ नाही सांगितला! परवानगी मिळाल्यावर ते अॅप आलेला ओटीपी परस्पर पुढे पाठवतं, कुणी फोन करून विचारावा लागत नाही. दोनदा मिळून अठ्ठेचाळीस हजार गेले.

दादा चिडेल म्हणून बाबा दोन दिवस गप्प राहिले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले असते. आम्हाला फक्त सहा हजार परत मिळाले. त्यानंतर दादाने त्यांचा फोन काढून घेतला. मी भांडून परत दिला आणि आजही म्हणते, बरोबर केलं. घरात विचारायची भीती नसती तर त्यांनी त्या गुरुवारीच विचारलं असतं.

एक सांगायचं राहिलं, अक्षरी नाव दिसलं म्हणजे मेसेज खराच असंही नाही. केवायसी खरोखर बाकी असू शकतं, पण ते शाखेत जाऊन विचारा. आत्ता मात्र आईला शांतपणे एवढंच विचारा, नुसती लिंक उघडली की काही इन्स्टॉलही झालं? झालं असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.