बटणावरची वेलांटी कुठे गेली? नव्या स्क्रीनच्या टेस्टिंगवर तुमचे प्रश्न

नवी स्क्रीन हातात आली की लेआउट नेमका कसा तपासायचा, हा गोंधळ सारखा माझ्याकडे येतोय, म्हणून यावेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले. उदाहरण सगळीकडे एकच ठेवतो: बसपासची स्क्रीन, वर नाव, मध्ये मार्ग निवडायचा, खाली ‘पासाचं नूतनीकरण करा’ असं बटण. उत्तरं अँड्रॉइड धरून आहेत.

सर, किती फोन विकत घ्यावे लागतील? एक सेल्सवाला हजारो मॉडेल्सचं ऑनलाइन पॅकेज घ्या म्हणतोय. (म्हापसा)

घेऊ नका. निदान लेआउटसाठी तरी नाही. स्क्रीनला मॉडेलचं नाव कळत नाही, तिला रुंदी कळते, आणि ती पिक्सेलमधली नव्हे तर डीपीमधली, म्हणजे डेन्सिटी धरून मोजलेली. 1080 पिक्सेलचा फोन 480 डेन्सिटीवर 360 डीपी रुंद असतो, आणि तोच फोन सेटिंगमधून डिस्प्ले साइज मोठा केला की 320 वर येतो, म्हणजे नवा फोन न घेता अरुंद फोन मिळाला. फोन कॉम्प्युटरला जोडून कमांडनेही हेच होतं, दुसरी ओळ सगळं पूर्ववत करते:

```
adb shell wm density 540
adb shell wm density reset
```

320, 360, 411 आणि एक टॅबलेट, एवढ्यावर सुरुवात होते. हजार मॉडेल्समध्ये बरीचशी याच रुंदीच्या आसपासची निघतात, पैसे मात्र हजारांचे. अमुक कंपनीच्या फोनवरच काहीतरी तुटतं अशी तक्रार आली तर तो फोन कुणाचा तरी उसना घ्या, आणि पॅकेजवर सही करण्याआधी तुमच्या डेव्हलपरला विचारा.

मराठीत फॉन्ट मोठा केला की बटणावरचं अक्षर कापलं जातं. डेव्हलपर म्हणतो एवढा मोठा फॉन्ट कोण ठेवतो, आपण अ‍ॅपमध्ये फॉन्ट फिक्स करून टाकू. चालेल का? (फोंडा)

नाही चालणार. आता नीट ऐका, कारण ‘कोण ठेवतो’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. चाळिशी ओलांडलेला माणूस ठेवतो, चष्मा घरी विसरलेला ठेवतो, आणि बसपास काढणाऱ्यात हे लोक भरपूर असतात. अँड्रॉइड 14 पासून फॉन्ट 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, आणि वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांतही 200 टक्क्यांपर्यंत मजकूर वाढवून काही हरवता कामा नये असंच आहे. फॉन्ट फिक्स करणं म्हणजे त्या माणसाने फोनला सांगितलेलं तुम्ही न ऐकल्यासारखं करणं.

आता आपलं बटण घ्या. उंची 48 डीपी फिक्स, अक्षर 14 एसपी, म्हणजे फॉन्टच्या सेटिंगबरोबर वाढणारं माप. इंग्रजीत एक शब्द, 100 टक्क्यांवर मस्त दिसतो, स्क्रीनशॉट क्लायंटला जातो. मग मराठी लावा आणि फॉन्ट दुप्पट करा:

```
adb shell settings put system font_scale 2.0
```

14 चे बरोबर 28 होत नाहीत, 26 च्या आसपास होतात, कारण अँड्रॉइड मोठं अक्षर थोडं कमी वाढवतो, पण 320 रुंदीवर ‘पासाचं नूतनीकरण करा’ एका ओळीत मावत नाही, दोन ओळी होतात. देवनागरीच्या एका ओळीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार धरून निदान 35 डीपी लागतात, दोन ओळींना 70, आणि बटण आहे 48 चं. म्हणजे दुसरी ओळ अर्ध्याहून जास्त गायब. बटण अजून थोडं बुटकं असतं तर ‘करा’ हा शब्दच दिसला नसता आणि टेस्टरला वाटलं असतं की मजकूरच तेवढा आहे. म्हणून मजकूर समोर ठेवून शब्दन् शब्द ताडून बघा, नुसतं ‘ठीक दिसतंय’ म्हणू नका.

यावर उपाय एकच: फिक्स उंची काढून किमान उंची द्यायची.

```
android:layout_height="wrap_content"
android:minHeight="48dp"
```

तीन गोष्टी डोळे जवळ नेऊन बघा. ‘र्की’, ‘ष्ट्री’, ‘ट्टू’ असलेले शब्द मुद्दाम टाका, वरचा रफार आणि खालचा उकार शाबूत आहे का. शिरोरेघ सलग आहे का, कारण इंग्रजी बटणाला कुणीतरी अक्षरांत अंतर दिलेलं असतं, ते मराठीला लागलं की रेघ तुकड्यांत दिसते. आणि शब्द मध्येच फुटतोय का, ‘नूतनीकर’ वर आणि ‘णासाठी’ खाली, असं झालं की डिझायनरकडे जा, कारण तिथे बहुतेक मजकूरच छोटा करावा लागतो आणि तो तुमच्या हातात नसतो. अक्षर बारीक करून बसवणं हा उपाय नव्हे. जमलं तर डोळ्यांचा त्रास असलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्या, तो काय वाचतो ते विचारा.

भाषांतर अजून आलेलं नाही, चवथीच्या आधी रिलीज आहे. इंग्रजीवरच टेस्ट करून ठेवू का? मराठी 30 टक्के लांब होतं असं ऐकलंय, तेवढी जागा सोडली की झालं ना? (मडगांव)

कुठे ऐकलंत? असा एकच आकडा नसतो, छोटं लेबल कधी दुप्पट होतं आणि लांब वाक्य कधी जवळपास तेवढंच राहतं. भाषांतराची वाट न बघता अँड्रॉइडची खोटी भाषा लावा, `en-XA`, ती इंग्रजी मजकूर लांब करून अक्षरांवर चिन्हं चढवते, आणि जे साधं इंग्रजीच राहिलं ते कोडमध्ये थेट लिहिलेलं, म्हणजे त्याचं भाषांतर कधीच होणार नाही. डेव्हलपरला ती बिल्डमध्ये चालू करून द्यायला सांगा. पण तिच्यात देवनागरीच्या मात्रा नाहीत, त्यामुळे वरचा कापाकापीचा बग ती पकडत नाही. मार्गाच्या यादीत ‘कुडचडे-काकोडा’सारखी लांब नावं स्वतः देवनागरीत टाकून घ्या आणि खरं भाषांतर आल्यावर परत बघायला वेळ ठेवा, ‘रिलीजनंतर बघू’ म्हणजे कधीच न बघणं.

आमचं अ‍ॅप उभंच चालतं. आडवं बघायची गरज आहे का? (वास्को)

फोनवर कमी, टॅबलेटवर आहे. अँड्रॉइड 16 ला टार्गेट केलेलं अ‍ॅप मोठ्या पडद्यावर, म्हणजे लहान बाजू 600 डीपी किंवा जास्त असेल तिथे, ‘फक्त उभं’ ही सूचना मानत नाही. म्हणून कुठलं व्हर्जन टार्गेट केलंय ते आधी विचारा.

आडवं केल्यावर फॉर्म रिकामा होतो, हा लेआउटचा बग का? (डिचोली)

नाही, पण बग म्हणून लिहा. फोन फिरवला की अँड्रॉइड स्क्रीन पाडून नव्याने उभी करतो आणि भरलेलं जपलं नसेल तर गेलं. तसंच आडव्यात, 360 उंचीच्या स्क्रीनवर कीबोर्ड उघडून बघा, वरची पट्टी आणि कीबोर्ड वजा जाता फारसं काही उरत नाही, आणि बटणापर्यंत स्क्रोल होत नसेल तर तो मात्र लेआउटचाच बग.

मराठीत सगळं पास झालं. कोंकणीसुद्धा देवनागरीच, मग ती सोडली तर? (पणजी)

सोडू नका. लिपी एक असली तरी शब्द आणि लांबी वेगळी, शिवाय कोंकणीचा एखादा मजकूर फाइलमध्ये राहून गेला की तिथे मुकाट्याने मूळ भाषेतलाच, बहुधा इंग्रजी, मजकूर येतो आणि स्क्रीन अर्धी-अर्धी दिसते. तुम्ही स्वतः अस्खलित वाचत नसाल तर ऑफिसमधल्या कोंकणी वाचणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि 200 टक्क्यांवर पूर्ण स्क्रीन मोठ्याने वाचायला लावा.