एक्सेलमधला NPV हाताने काढलेल्या आकड्यापेक्षा कमी येतोय, रेट तोच आहे. काय चुकतंय? XNPV वापरला तर चालेल का?

सुरुवातीच्या गुंतवणुकीचा सेल रेंजच्या आत घेतलाय तुम्ही, दुसरं काही नाही. NPV पहिला आकडा आजचा धरतच नाही, पहिल्या वर्षाच्या शेवटचा धरतं, म्हणून आज गेलेला पैसाही डिस्काउंट होतो आणि मागचं सगळं एकेक वर्ष पुढे सरकतं.

समजा B2 मध्ये -10,00,000, B3 ते B7 मध्ये दरवर्षी 3,00,000, रेट 12%.

```
=NPV(12%,B2:B7)
=B2+NPV(12%,B3:B7)
```

वरचं देतं 72,708, खालचं 81,433. खालचं बरोबर. 81,433 ला 1.12 ने भागलं की वरचाच आकडा येतो, त्यामुळे तुमच्या दोन उत्तरांत एवढाच फरक असेल तर आणखी शोधत बसू नका.

आमच्या एका जुन्या साहेबांचं यावर ठरलेलं वाक्य होतं, "चिन्ह तर तेच राहतं ना, मग निर्णय कुठे बदलतो?" अर्धं खरं आहे म्हणूनच डोक्यात जातं. सगळे प्रोजेक्ट एकाच रेटने आणि एकाच चुकीने काढले तर त्यांचा क्रमही बदलत नाही, मान्य. पण आमच्याकडे दोन प्रस्ताव होते, आमचा साहेबांच्या शीटमधून NPV ने आणि दुसरा दुसऱ्या टीमने तारखा टाकून XNPV ने काढलेला, आणि XNPV पहिल्या तारखेची रक्कम डिस्काउंट करतच नाही. झालं, आमचा सरस असून यादीत खाली गेला. मी म्हटलं दोन्ही एका पद्धतीने काढा, तर म्हणे IRR टाकून बघितलंय, NPV शून्य येतोय, शीट बरोबर आहे. अहो शून्याला कशानेही भागा, शून्यच येणार! ही चूक त्या चाचणीत सापडणारच नाही. सापडवायची तर पहिला आकडा ठेवून बाकी सगळीकडे 0 टाका, उत्तर -10,00,000 च यायला हवं, -8,92,857 आलं की शीट चुकलंय. दोन मिनिटांचं काम, पण ते साहेबांनी करून बघितलं नाही आणि चिन्हाचं वाक्य मात्र पुढच्या मीटिंगलाही ऐकवलं. निव्वळ हो-नाही ठरवायचं असेल तर ठीक, पण आकडा कशाशी तरी ताडून बघायचा असेल तर चिन्ह काय कामाचं?

XNPV चालेल, फक्त ते दिवस मोजून 365 ने भागतं त्यामुळे लीप वर्षामुळे किंचित फरक दिसेल, घाबरू नका. आणि हो, तुमचा पहिला खर्च खरंच वर्षाच्या शेवटी होणार असेल तर पूर्ण रेंज आत घेणंच बरोबर. मध्ये एखाद्या वर्षी काहीच येणार नसेल तर तिथे 0 लिहा, सेल मोकळा सोडला तर NPV ते वर्ष मोजतच नाही आणि मग पुढचे सगळे आकडे एक वर्ष अलीकडे येतात.