चौथीसाठी टॅनग्रॅमची सुरुवात कशी करावी?

प्रश्न: मुलगा चौथीत आहे, कोल्हापुरात असतो. टॅनग्रॅमचे, म्हणजे जोडून वेगवेगळे आकार करायचे सात तुकडे बघूनच गोंधळतो. कुठून सुरू करू?

सात तुकडे बाजूला ठेवा, फक्त दोन छोट्या त्रिकोणांपासून सुरू करा. मी इथेच चौथीला शिकवते. वर्गात हीच वाट सोपी पडते. जुन्या लग्नपत्रिकेतून ५ सेंमी बाजूचा चौरस कापा, कर्णावर घडी घालून दोन तुकडे करा. लांब बाजू जुळवल्या की चौरस, आखूड बाजू जुळवल्या की मोठा त्रिकोण, आणि त्यातलाच एक तुकडा फिरवून लावला की समांतरभुज चौकोन. आता विचारा, जागा कुणाची जास्त? बरीच मुलं त्रिकोण म्हणतात, तो पसरट दिसतो ना! तुकडे तेच, म्हणून क्षेत्रफळ सारखंच. पण कडेनं दोरा फिरवून मोजा: चौरसाला २० सेंमी, बाकी दोघांना साधारण २४.

सात तुकड्यांकडे गेल्यावर अडतो तो समांतरभुज चौकोनच. कितीही फिरवला तरी बसत नाही, कारण कधीकधी तो उलटावा लागतो. पत्रिकेची एकच बाजू रंगीत असेल तर मुलं उलटायला बिचकतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या असलेला पुठ्ठा घ्या.