होल्डचे चोवीस तास कुठून मोजायचे?

प्रश्न : आम्ही पुण्यात कंपन्यांचे कार्यक्रम करतो. एका बँक्वेट हॉलने मेलवर क्षमता, पॅकेज आणि तारीख होल्ड करण्याची पद्धत कळवली होती. २० डिसेंबरसाठी आम्ही २५,००० रुपये होल्डचे भरले, होल्ड १५ नोव्हेंबरपर्यंत होता. तरी ९ नोव्हेंबरलाच त्यांनी तारीख दुसऱ्या पार्टीला दिली. म्हणतात, शनिवारी संध्याकाळी मेल केला होता, २४ तासांत उत्तर आलं नाही. तो मेल आमच्या जुन्या सहकाऱ्याच्या आयडीवर गेला होता, आम्ही सोमवारी पाहिला. पैसेही परत द्यायला तयार नाहीत. काय करता येईल?

उत्तर : तुम्ही पाठवलेले सगळे मेल वाचले. हॉलचा ३ नोव्हेंबरचा मेल दोन पानी आहे. थिएटर पद्धतीने ४०० खुर्च्या, गोल टेबलं मांडली तर २४० माणसं, तीन पॅकेजं आणि किमान २४० ताटांची हमी, हे सगळं तुम्ही त्याच दिवशी क्लायंटला पुढे पाठवलंत. होल्डचा परिच्छेद अगदी शेवटी होता आणि तो कुणी वाचलेला दिसत नाही. दर हंगामात माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत हेच घडलेलं असतं : ताटाच्या दरावर चार दिवस घासाघीस होते आणि ज्या चार ओळींवर तारीख टिकते, त्या तशाच राहून जातात.

त्या ओळी अशा आहेत : दुसऱ्या पार्टीची पक्की मागणी आली तर आम्ही ई-मेलने कळवू, कळवल्यापासून २४ तासांत ५० टक्के रक्कम आणि सही केलेली प्रत आली नाही तर होल्ड आपोआप रद्द. म्हणजे १५ तारखेपर्यंतचा होल्ड बिनशर्त नव्हताच. तरीही तो नुसता तोंडी शब्द नव्हता. फुकट दिलेला होल्ड हॉलवाला तुमचा होकार येण्याआधी केव्हाही मागे घेऊ शकतो, कारण मोबदल्याशिवाय दिलेलं वचन कायद्याने बांधत नाही. तुम्ही २५,००० भरले, त्यांनी ते घेतले, म्हणून आधी विचारण्याचं बंधन त्यांच्यावर आलं. ते त्यांनी पाळलं की नाही, एवढाच वाद आहे.

आणि तो वाद एका तारखेवर ठरणार आहे. ४ नोव्हेंबरला नव्या आयडीवरून पाठवलेल्या तुमच्या उत्तरात एक ओळ आहे : ‘यापुढचे सगळे मेल कृपया याच आयडीवर पाठवा.’ ही ओळ तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात कुठेच नाही, मला ती मेलच्या साखळीत सापडली. तुमची बाजू उभी आहे ती तिच्यावरच.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये मेल ‘मिळाला’ असं केव्हा धरायचं ते सांगितलं आहे. तुम्ही ठराविक पत्ता नेमून दिला असेल, तर मेल त्या पत्त्यावर पोचला की मिळाला, मग उघडा की न उघडा. नेमून दिलेला पत्ता सोडून तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवला, तर तुम्ही तो प्रत्यक्ष काढून घ्याल तेव्हा मिळाला. पत्ता नेमलाच नसेल, तर तुमच्या यंत्रणेत शिरला तेव्हा मिळाला. शनिवार, ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४० चा मेल जुन्या आयडीवर गेला. तुम्ही तो सोमवारी ११ ला उघडलात. ४ तारखेची ओळ धरली तर २४ तास सोमवारी ११ ला सुरू झाले आणि हॉलने रविवारी रात्री तारीख देऊन करार मोडला. ती ओळ बाजूला ठेवली, तर रविवारी ७.४० ला तुमची मुदत संपली होती.

हॉलचा वकील दोन गोष्टी म्हणेल. एक, होल्डच्या परिच्छेदात ‘कळवल्यापासून’ आहे, ‘मिळाल्यापासून’ नाही, आणि कलम १३ पक्षकारांनी वेगळं ठरवलं तर बाजूला राहतं. माझ्या मते चुकीच्या पत्त्यावर पाठवणं म्हणजे कळवणं नव्हे, पण न्यायालय काय म्हणेल याची खात्री देत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. जुन्या सहकाऱ्याची पेटी कोण बघतं? ती शनिवारी रात्री कुणी उघडली असेल, किंवा तिचे मेल आपोआप तुमच्या नव्या आयडीवर येत असतील, तर तुमची बाजू फार कमजोर होते. मेल सांभाळणाऱ्या माणसाला आजच विचारा. मूळ मेल नव्या आयडीवर फॉरवर्ड करून जुना पुसून टाकू नका. त्याच्या हेडरमधल्या `Delivered-To` आणि `Received` या ओळी पत्ता आणि वेळ सांगतात. न्यायालयात तो मेल नेताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

आता मागायचं काय. तारीख परत मिळवण्याच्या मनाईहुकुमामागे मी तुमचा वेळ घालवणार नाही, तिथे आता तिसरी पार्टी आहे आणि तुमचं नुकसान पैशात मोजता येतं. दुसरा हॉल तुम्ही १,४५० ऐवजी १,८०० रुपये ताटाने घेतलात. २४० ताटांचे ३५० प्रमाणे ८४,००० होतात, कर सोडून. त्यात होल्डचे २५,००० मिळवून १,०९,००० मागा. नवा हॉल त्याच तोडीचा होता आणि स्वस्त कुठे मिळत नव्हता, हे दाखवायला इतर हॉलचे दर आलेले मेल जपून ठेवा. क्लायंटकडे गेलेली पत सध्या मागणीत घालू नका, ती सिद्ध करणं अवघड आहे.

ओळीचा मुद्दा तुमच्या विरोधात गेला तरी २५,००० वर पाणी सोडू नका. ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलं म्हणून रक्कम आपोआप जप्त होत नाही. कैलाशनाथ विरुद्ध डीडीए, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरण, या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करार कायद्याच्या कलम ७४ खाली जप्तीला नुकसानीशी जोडलं आहे, आणि हॉलने तीच तारीख लगेच विकली, मग त्याचं नुकसान कुठे आहे? ते म्हणतील, हे अनामत नव्हे, तारीख राखून ठेवण्याची किंमत होती. त्या मुद्द्यात दम आहे, म्हणून इथे मी पैज लावणार नाही. त्यांच्या मेलमध्ये ‘अंतिम बिलातून वजा’ असे शब्द आहेत, ते मात्र तुमच्या बाजूचे आहेत.

ग्राहक आयोगाकडे धावू नका. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून बहुधा दारातच अडवतील. रक्कम ३ लाखांखाली असल्याने व्यापारी न्यायालयही नाही, साधा दिवाणी दावा. पुण्यात तो किती वर्षं रेंगाळेल हे सांगायलाही मला संकोच वाटतो. लाखभराच्या मागणीसाठी तेवढी वर्षं वाट पाहायला लावणं हा तुमच्यावर अन्याय आहे, पण आज वस्तुस्थिती तीच आहे. म्हणून आधी नोटीस पाठवा आणि तडजोडीचं दार उघडं ठेवा. नोटिशीत रागाच्या भरात काही लिहू नका. ४ नोव्हेंबरची ओळ अवतरणात द्या, सोबत त्या मेलची प्रत लावा, शनिवारचा मेल कोणत्या आयडीवर गेला ते लिहा, आणि १५ दिवसांत १,०९,००० मागा. मुदत तीन वर्षांची आहे, पण त्या जुन्या पेटीतले मेल तीन वर्षं टिकतील असं धरून चालू नका. ती पेटी बंद करायला तुमच्या कार्यालयाने आधीच सांगितलं असेल, तर ते आज थांबवा.