एका उपकंपनीसाठीही एकत्रित वित्तीय विवरणपत्रे?

प्रश्न: आमच्या खासगी कंपनीकडे एकाच उपकंपनीचे ६० टक्के भाग आहेत. तरीही एकत्रित हिशेब करावे लागतील का?

उत्तर: होय. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२९(३) नुसार एक जरी उपकंपनी किंवा सहयोगी कंपनी असली, तरी स्वतंत्र विवरणपत्रांबरोबरच एकत्रित विवरणपत्रेही तयार करून वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी लागतात; कंपनी खासगी आहे एवढ्यावरून सूट मिळत नाही.

सूट आहे ती कंपनी (लेखा) नियम, २०१४ च्या नियम ६ मध्ये, पण तिच्या तिन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. तुमची कंपनी स्वतः दुसऱ्या कंपनीची पूर्ण मालकीची उपकंपनी असावी, किंवा अंशतः मालकीची असल्यास इतर सर्व भागधारकांना लेखी कळवूनही कोणी हरकत घेतलेली नसावी; तिचे रोखे भारतात वा परदेशात सूचिबद्ध नसावेत; आणि वरची कंपनी निबंधकाकडे एकत्रित विवरणपत्रे दाखल करत असावी. गफलत होते ती इथेच, कारण परदेशी मूळ कंपनीने तिच्या देशात दाखल केलेली विवरणपत्रे ही अट पूर्ण करत नाहीत.

एकत्रीकरणात मात्र उपकंपनीची मालमत्ता ६० नव्हे, १०० टक्के धरली जाते, आणि उरलेल्या ४० टक्क्यांचा हिस्सा वेगळा दाखवला जातो.