मुलीच्या बारशाला म्हणायचा मंत्र

प्रश्न: बारशाला बाळासाठी कोणत्या प्रार्थना म्हणतात आणि त्यांचा अर्थ काय?

पाळणा आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ तुम्हाला ठाऊक असणारच. मी एकाच मंत्राबद्दल लिहिते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून दोन तट आहेत.

अङ्गादङ्गात्संभवसि हृदयादधिजायसे ।
आत्मा वै पुत्रनामासि स जीव शरदः शतम् ॥

माझ्या अंगाअंगातून तू उपजलास, काळजातून जन्मलास; पुत्र नावाचा तू माझाच आत्मा, शंभर शरद जग. आम्ही ऋग्वेदी. घरच्या संस्कारांचा आमचा जुना ग्रंथ म्हणजे आश्वलायन गृह्यसूत्र; त्यात हा श्लोक प्रवासाहून परतलेल्या बापासाठी आहे. लेकराचं डोकं हातांत धरून तो म्हणायचा आणि टाळू तीनदा हुंगायची.

माझा दादा फौजेत. लेकीच्या बारशाला रजा घेऊन आला तो बेळगाव स्टेशनावरून थेट शहापूरच्या घरी. पोरीला पहिल्यांदाच बघत होता. ताम्हनातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नावं लिहून झाली, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि हाक मारायचं. मी म्हटलं, “गुरुजी, आता दादाकडून तो मंत्र म्हणवून घ्या.” गुरुजी म्हणाले, “ताई, मुलीला मंत्र नसतो, नुसती क्रिया.” काकांनी जोरात मान डोलावली. दादाने मुकाट्याने टाळू हुंगली. तिकडे शेजारच्या कानडी अक्कांचं जोगुळ, म्हणजे कानडी पाळणा, सुरू झालं होतं. त्यांना मुलगा की मुलगी याचं काही पडलं नव्हतं.

गुरुजी खोटं बोलले नाहीत. सूत्रात लगेच पुढे ‘आवृतैव कुमार्यै’ आहे, म्हणजे मुलीसाठी मंत्र न म्हणता तेवढी कृती करायची. मला हे मुळीच मान्य नाही. आणि काकांनी तरी सूत्राच्या गोष्टी सांगू नयेत. मुंज झाल्यापासून त्यांनी संध्या केलेली कुणी पाहिली नाही, पण मुलीचा विषय निघाला की आश्वलायन बरोबर आठवतो.

तुमच्याकडे मुलगी असेल तर गुरुजींशी आधीच बोलून ठेवा, ऐन वेळी पाटावर वाद नको. ते अडलेच तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ओळ घ्या: ‘शतं जीव शरदो वर्धमानः शतं हेमन्ताञ्छतमु वसन्तान्’. वाढत वाढत शंभर शरद, शंभर हेमंत, शंभर वसंत जग. मुलीसाठी ‘वर्धमाना’ म्हणायचं. मूळ सूक्त आजाऱ्याला मरणाच्या दारातून परत आणण्याचं आहे, पण आशीर्वादाला त्याने काही बिघडत नाही. गुरुजी नाहीच म्हणाले तर आत्याने म्हणावी. नाव ठेवणारीला कोण अडवणार?

मुलगा असेल तर ‘अश्मा भव परशुर्भव’ हाही ऐकू येईल: दगडासारखा हो, परशूसारखा हो, अभंग सोनं हो. तो खरा जातकर्मातला, म्हणजे बाळ जन्मताच करायच्या संस्कारातला, पण हल्ली जातकर्म बारशालाच उरकतात. यजुर्वेदी घरांत पद्धत वेगळी असते, आणि आमच्या सीमाभागात कितीतरी घरी गुरुजी न बोलावता नुसत्या पाळण्यावर बारसं होतं. तिथे हा वादच नाही.