औषधांच्या नावांमधला '-झोल' कसा ओळखायचा?

प्रश्न: बी.फार्म पहिलं वर्ष. ओमेप्राझोल, फ्लुकोनाझोल, मेट्रोनिडाझोल... सगळ्यांच्या शेवटी झोल! वर्ग कसा लक्षात ठेवायचा?

उत्तर: नुसत्या 'झोल'वरून वर्ग कळत नाही. तो बहुतेक वेळा फक्त रेणूतल्या नायट्रोजनवाल्या पंचकोनी रिंगची खूण देतो, आणि ती रिंग कितीतरी वेगवेगळ्या औषधांत असते. त्यामुळे एक-दोन अक्षरं मागे जाऊन वाचायचं. '-प्राझोल' म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारे प्रोटॉन पंप इनहिबिटर, '-कोनाझोल' बुरशीवर, '-निडाझोल' अमीबासारख्या प्रोटोझोआवर आणि '-बेंडाझोल' जंतांवर.

आता अरिपिप्राझोल घ्या. शेवट 'प्राझोल' दिसला की मुलं हमखास ॲसिडिटीचं औषध लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात ते स्किझोफ्रेनियात देतात. इथे स्टेम '-पिप्राझोल' आहे, 'पि'सकट. म्हणून एकाच नावात दोन स्टेम बसत असतील तर लांब असलेला धरायचा. तोंडी परीक्षेत हे नाव विचारायला मास्तरांना भारी आवडतं.

हे स्टेम जागतिक आरोग्य संघटना ठरवते आणि ते फक्त जेनेरिक नावांना लागू पडतात. स्ट्रिपवरचं ब्रँड नाव कंपनीच्या मर्जीचं, तिथे ही युक्ती चालवू नका. शिवाय स्टेम वर्ग सांगतो, डोस नाही आणि इंटरॅक्शनही नाहीत. उदाहरणार्थ, मेट्रोनिडाझोलसोबत दारू टाळायला सांगतात, हे नावात कुठेच दिसत नाही. ते वेगळं पाठ करावंच लागतं.

वहीत प्रत्येक स्टेमसमोर एकच औषध लिहा, पण त्याची यंत्रणा नीट समजून घ्या.